स्वयंसेवकांना बॉटने संदेश पाठवण्यापूर्वी

सिद्धेश्वर यात्रेच्या काळात सोलापुरातल्या ९०० स्वयंसेवकांना टेलिग्राम बॉटवरून वैयक्तिक सूचना पाठवायच्या असतील, तर गटातले सदस्यत्व म्हणजे संमती, असे कृपया धरू नका. सदस्याने स्वतः `/start` दाबल्याशिवाय बॉट त्याला संदेश पाठवूच शकत नाही. तरीही त्यानंतर ‘यात्रेच्या सूचना पाठवू का?’ असे स्वतंत्र विचारून होकार, तारीख आणि प्रश्नाचे शब्द नोंदवून ठेवावेत.

टेलिग्रामची मर्यादा सेकंदाला सुमारे ३० संदेशांची आहे. मी १० च ठेवतो, म्हणजे ९०० संदेशांना दीड मिनिट लागते. तरीही ४२९ ही त्रुटी आली, तर `retry_after` मध्ये दिलेले सेकंद थांबावे. लगेच पुन्हा प्रयत्न करू नये.

खरी चूक या दीड मिनिटात होते. यादी आधीच तयार असल्यामुळे, विसाव्या सेकंदाला ‘थांबवा’ लिहिणाऱ्यालाही साठाव्या सेकंदाला संदेश जातो आणि तो माणूस रास्तपणे चिडतो. म्हणून प्रत्येक संदेशाच्या क्षणी संमती पुन्हा तपासावी.

संदेशाखाली ‘या सूचना नको असल्यास “थांबवा” असे लिहा, गटातले सदस्यत्व कायम राहील’ असे लिहावे, कारण गटातून काढले जाण्याच्या भीतीने अनेकजण गप्प बसतात. ‘नको’, ‘बंद करा’ ही उत्तरेही नकारच मानावीत.