‘नाही’ शेवटी ठेवू नका

प्रश्न: केळीच्या गाड्यांचे फोन मी घेतो. पलीकडचा माणूस टेम्पोत नाहीतर बाजारात असतो. माझं उत्तर त्याला कळतच नाही, तीन-तीनदा सांगावं लागतं. सुरुवात कशी करावी?

उत्तर: मीही रावेरकडे गाड्या लावण्याचंच काम करतो. आपल्या मराठीत निर्णय वाक्याच्या शेवटी येतो, खरी अडचण तिथं आहे. "आबा, बोर्डाचा भाव पडलाय, मजूरही कमी आहेत, तर गाडी आज भरायची नाही." यातला ‘नाही’ हॉर्नखाली दबला की आबांना ऐकू येतं, "गाडी आज भरायची." मग ते घड कापायला माणसं लावून मोकळे होतात. कापलेला घड परत झाडाला लागत नाही.

म्हणून असं बोला: "आबा... थांबा. आज भरू नका. उद्या सकाळी." कारण नंतर, तेही विचारलं तर.

सुरुवातीचा ‘आबा’ मुद्दाम आहे. गोंगाटात कान आपल्याकडे वळेपर्यंत पहिला शब्द वायाच जातो, तर हाकच जाऊ द्या. हाकेनंतर श्वासभर थांबा. "हां बोला, ऐकू येतंय का, काय झालं की" अशी लांबण लावली तर लक्ष त्यातच संपतं.

होकाराला नुसतं ‘हो’ म्हणू नका. एवढासा शब्द इंजिनच्या घरघरीत विरतो. शिवाय आपण ‘हां, हां’ नुसतं ऐकतोय म्हणूनही म्हणतो, त्यामुळे होकार कुठला ते कळत नाही. थेट "आबा... भरा. आजच भरा." नकाराला मात्र ‘भरू नका’ने सुरुवात नको, कारण दोन्हीकडे ‘भर’ सारखाच ऐकू येतो. ‘थांबा’चा आवाजच वेगळा आहे.

एसटीत कंडक्टरला आपण "एरंडोल, दोन" म्हणतो, तेवढंच पुरतं. "आम्हाला जरा एरंडोलपर्यंत जायचं होतं" असं कुणी सुरू केलं की तो पुढच्या सीटवर गेलेला असतो.

भाव सांगायचा असेल तर तो निर्णयानंतर, आणि आकडे सुटे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची सुरुवात एकच, फरक शेपटीत. त्यात साध्या फोनवर ‘स’चा सूर निम्मा कापला जातो. "पाच, नऊ" म्हणा.

ओरडण्याने फारसं साधत नाही. स्वर फुगतात, व्यंजनं तशीच बारीक राहतात आणि मोबाइलमध्ये आवाज फाटतो. फोन तोंडाजवळ घेऊन सावकाश बोला. एका फोनला एकच निर्णय. गाडी आणि पैसे दोन्ही विचारले असतील तर आधी गाडीचं संपवा.

पलीकडून "हां हां, बरं" आलं तर समजा, पोचलं नाही. "उद्या सकाळी ना?" असं आलं की फोन ठेवा.