मंद कोण, न्यूट्रॉन की ग्रहण?

*“शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘सोनं कुठून आलं’ हा तक्ता मराठीत करतेय. ‘स्लो न्यूट्रॉन कॅप्चर’ला ‘मंद न्यूट्रॉनांचे ग्रहण’ आणि ‘रॅपिड’ला ‘जलद न्यूट्रॉनांचे ग्रहण’ लिहिलं. एक पालक म्हणाले, साफ चूक आहे, आणि ग्रहण तर चंद्र-सूर्याला लागतं. मग नक्की काय लिहू?” (एक शिक्षिका, सदाशिव पेठ)*

पालकांचा पहिला आक्षेप बरोबर आहे, दुसरा नाही. दुसरा आधी उरकतो. ग्रहण म्हणजे मुळात घेणं, धरणं. पाणिग्रहणात हात धरतात, पदग्रहणात खुर्ची. चंद्र-सूर्याला ‘लागतं’ तेसुद्धा राहूने धरलं म्हणूनच. अणूच्या केंद्रकाने न्यूट्रॉन धरून ठेवला तर त्याला ग्रहण म्हणायला काहीच हरकत नाही. मुलांशी बोलताना मात्र मी ‘टिपणं’ म्हणेन. चिमणी दाणा टिपते तसं केंद्रक न्यूट्रॉन टिपतं.

आता खरी अडचण. अप्पा बळवंत चौकात ‘जुने पुस्तक विक्रेते’ अशी पाटी लागली तर काय जुनं, पुस्तकं की विक्रेते? तिथे आपण संदर्भाने समजून घेतो. ‘मंद न्यूट्रॉन ग्रहण’ असं सुटं लिहिलं की तोच घोळ होतो, आणि तुम्ही ‘न्यूट्रॉनांचे’ लिहून तो चुकीच्या बाजूने सोडवलात. मंद आहे ते ग्रहण. न्यूट्रॉन मुळीच मंद नाहीत.

शिवाय ‘मंद न्यूट्रॉन’ हे नाव आधीच दुसऱ्याचं आहे. अणुभट्टीत जड पाण्यासारख्या पदार्थात धक्के खात खात थंडावलेल्या न्यूट्रॉनना मंद म्हणतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर, म्हणजे शनिवारवाड्याहून निघून सेकंदाभरात साधारण सारसबागेपर्यंत. ताऱ्यातल्या ज्या प्रक्रियेला ‘स्लो’ म्हणतात ती मुख्यतः म्हाताऱ्या, फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांच्या पोटात चालते. तिथलं तापमान ९ कोटी अंशांच्या घरात असतं आणि न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १२०० किलोमीटर धावतात. तो सेकंदात पुण्याहून कन्याकुमारीला पोचेल. याला मंद म्हणणं म्हणजे कमालच झाली.

मग मंद काय? दोन न्यूट्रॉन टिपण्यामधला काळ. त्या ताऱ्यांत कार्बन-१३चं केंद्रक हेलियमच्या केंद्रकाला भिडतं, ऑक्सिजन-१६ बनतं आणि एक न्यूट्रॉन सुटा होतो. असे सुटे न्यूट्रॉन घन सेंटिमीटरला साधारण एक कोटी भरतात. आकडा मोठा वाटतो, पण तुमच्या वर्गातल्या हवेच्या घन सेंटिमीटरमध्ये अडीच कोटी कोटी लाख रेणू असतात. त्या मानाने तिथे शुकशुकाट आहे. एका केंद्रकाला पुढचा न्यूट्रॉन भेटायला वर्षंच्या वर्षं लागतात. ही नावं रुजली ती १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल या चौघांच्या लेखातून. (हॉईल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू.) त्याच वर्षी कॅमेरॉन यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता. ‘स्लो’ आणि ‘रॅपिड’ हे शब्द त्या चौघांनी बीटा ऱ्हासाच्या तुलनेत वापरले. न्यूट्रॉन जास्त झालेलं केंद्रक अस्थिर होतं, मग त्यातला एक न्यूट्रॉन इलेक्ट्रॉन बाहेर टाकून प्रोटॉन बनतो आणि मूलद्रव्य एक घर पुढे सरकतं. पुढचा न्यूट्रॉन येण्याआधी हा पालट उरकला तर ग्रहण मंद. पालटायला सवडच मिळाली नाही तर शीघ्र.

तुमचा तक्ता सोन्याचा आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. मंदग्रहणात सोन्याच्या आधीचा थांबा प्लॅटिनम-१९६. ते स्थिर आहे. वर सांगितलेल्या शुकशुकाटात त्याला पुढचा न्यूट्रॉन टिपायला ढोबळ हिशेबाने साठ-सत्तर वर्षं लागतात. टिपला की झालं प्लॅटिनम-१९७, आणि त्याचं अर्धायुष्य फक्त २० तास. पुढच्या न्यूट्रॉनची वाट बघायला त्याच्याकडे वर्षं नाहीत, दिवसही नाहीत. ते पालटून सोनं-१९७ होतं. आपल्या अंगठीतलं सोनं हेच, सोन्याला दुसरा स्थिर प्रकार नाही. पण सोनं न्यूट्रॉन टिपण्यात प्लॅटिनमहून बरंच तरबेज. वीसेक वर्षांत तेही एक न्यूट्रॉन घेऊन सोनं-१९८ होतं, आणि ते पावणेतीन दिवसांच्या अर्धायुष्याने पाऱ्यात पालटतं, पारा-१९८ मध्ये. म्हणजे या वाटेवर सोनं हा मुक्काम नाही, चहापुरता थांबा आहे. ज्याची टिपण्याची भूक मोठी त्याचा साठा लहान, असा इथला हिशेब. सूर्यमालेतल्या सोन्यापैकी जेमतेम ५-६ टक्केच या वाटेने आलं असावं असं मानतात.

बाकीचं शीघ्रग्रहणातून. तिथे न्यूट्रॉनची गर्दी घन सेंटिमीटरला एकावर चोवीस शून्यं इथपर्यंत जाऊ शकते. नुसत्या न्यूट्रॉनचं वजन घन सेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या वर भरेल, पाण्याहून जास्त. न्यूट्रॉनचा वेग? सेकंदाला चारेक हजार किलोमीटर, म्हणजे मंदग्रहणातल्या न्यूट्रॉनच्या तिपटीच्या आसपास. वेग तिप्पट आणि गर्दी एकावर सतरा शून्यं पट, यातलं काय महत्त्वाचं ते दिसतंच आहे. म्हणून ‘जलद न्यूट्रॉनांचे ग्रहण’ही तितकंच फसवं. या गर्दीत केंद्रक एकामागून एक न्यूट्रॉन गिळत सुटतं. आणखी एकही धरवेना अशी वेळ आली की एखादा बीटा ऱ्हास होईपर्यंत अडतं, मग पुन्हा गिळतं. न्यूट्रॉनची संख्या १२६ झाली की ते विशेष अडतं, कारण ती मांडणी फार घट्ट असते आणि १२७ वा न्यूट्रॉन धरायची फारशी इच्छा उरत नाही. त्या ठिकाणी केंद्रकं साचतात. साधारण सेकंदाभरात न्यूट्रॉनचा साठा संपतो. मग ही न्यूट्रॉनने तट्ट फुगलेली केंद्रकं बीटा ऱ्हासाच्या पायऱ्या एकेक करून उतरतात. उतरताना वस्तुमानांक बदलत नाही. १९७ वाली साखळी सोन्यापाशी थांबते. ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम आणि सोनं ही मंडळी एका गल्लीत सापडतात ती या साचण्यामुळे.

हे खरंच दोन वाटांनी घडलं, हे कशावरून? याचं उत्तर सोन्याच्या शेजारीच आहे, आणि मला ते अख्ख्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. वस्तुमानांक १९८ असलेली दोन स्थिर केंद्रकं आहेत, प्लॅटिनम-१९८ आणि पारा-१९८. मंदग्रहणाची वाट प्लॅटिनम-१९७ पाशी सोन्याकडे वळते, त्यामुळे प्लॅटिनम-१९८ तिला जवळजवळ लाभतच नाही. उलट शीघ्रग्रहणानंतर पायऱ्या उतरणारी १९८ ची साखळी प्लॅटिनम-१९८ पाशी येऊन थांबते. ते स्थिर असल्यामुळे पुढे सोनं-१९८ आणि पारा-१९८ पर्यंत ती पोचतच नाही. प्लॅटिनम-१९८ वाटेत भिंतीसारखं आडवं उभं आहे. म्हणजे वजन तेच, पण प्लॅटिनम-१९८ शीघ्रग्रहणाचं अपत्य आणि पारा-१९८ मंदग्रहणाचं. पृथ्वीवरच्या प्लॅटिनममध्ये पहिल्याचा वाटा सुमारे ७ टक्के, पाऱ्यामध्ये दुसऱ्याचा सुमारे १० टक्के. एकच वाट असती तर या दोहोंपैकी एक जवळपास दिसलंच नसतं. अशी ‘फक्त मंद’ केंद्रकं हाताशी असली की मंदग्रहणाचा हिशेब त्यांच्यावर बसवता येतो, आणि तो एकूण साठ्यातून वजा केला की उरतं ते शीघ्रग्रहणाचं. सोन्याचे ५-६ टक्के अशाच वजाबाकीतून निघतात. त्यामुळे ते प्लॅटिनम आणि सोनं किती सहज न्यूट्रॉन टिपतात याच्या मोजमापांवर अवलंबून आहेत. ती सुधारली की टक्का थोडा हलतो.

शीघ्रग्रहण कुठे होतं, याचा एक पत्ता १७ ऑगस्ट २०१७ ला मिळाला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वीय लहर टिपली गेली आणि पाठोपाठ १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. तो काही दिवसांत निळ्याचा तांबडा झाला. जड मूलद्रव्यांच्या धुळवडीतून प्रकाश असाच गाळला जातो. त्या घटनेच्या मागे राहिलेल्या रेडिओ उजेडाचा माग नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही घेतला. तक्त्यावर मात्र ‘तिथे सोनं दिसलं’ असं लिहू नका. २०१९ मध्ये त्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली, सोन्याची वेगळी खूण नाही. शिवाय सगळं शीघ्रग्रहण असल्या टकरींतच होतं की काही विरळा ताऱ्यांच्या स्फोटांतही, यावर वाद चालू आहे.

आता शब्दाकडे परत. मला पहिल्यांदा सुचला होता ‘विलंबित’. सवाईला बसणाऱ्या कुणालाही पटेल, कारण विलंबित लयीत दोन मात्रांमधलं अंतर मोठं असतं, त्या अंतरात गवई तान हवी तितकी जलद घेऊ शकतो. आपल्या न्यूट्रॉनचं अगदी हेच आहे. पण इथेही जागा अडवलेली. विखंडनानंतर काही सेकंदांनी निघणाऱ्या न्यूट्रॉनना अणुभट्टीवाले ‘डिलेड’ म्हणतात, त्याचं मराठी नेमकं ‘विलंबित न्यूट्रॉन’ होतं. तुमच्या तक्त्यापुढे भौतिकशास्त्राचा एखादा प्राध्यापक थांबला तर पालकांची पुनरावृत्ती व्हायची.

म्हणून मंद आणि शीघ्रच ठेवा. ही जोडी जुनी आणि घरचीही आहे. सिद्धान्तग्रंथांत ग्रहाचं खरं स्थान काढायला मंदफल आणि शीघ्रफल असे दोन संस्कार करतात. अर्थ वेगळा, पण कानाला जोडी ओळखीची. फक्त विशेषण न्यूट्रॉनपासून तोडून ग्रहणाला चिकटवा. तत्पुरुष समासात शेवटचं पद मुख्य, त्यामुळे ‘मंदग्रहण’ म्हटलं की मंद कोण हे विचारावं लागत नाही. ‘न्यूट्रॉनचे मंदग्रहण’ आणि ‘न्यूट्रॉनचे शीघ्रग्रहण’ हे दोन मथळे करा. ‘मंद न्यूट्रॉनग्रहण’ असं जोडून लिहिलंत तरी व्याकरणाने चालेल, पण रंगवणारा विद्यार्थी मध्ये जागा सोडणार आणि आपण पुन्हा अप्पा बळवंत चौकात.

मथळ्याखाली एकेक ओळ पुरे. पहिल्याखाली: ‘दोन न्यूट्रॉन टिपण्यामध्ये वर्षं जातात, तेवढ्यात केंद्रक पालटून घेते.’ दुसऱ्याखाली: ‘पालटायला सवड मिळण्याआधीच पुढचा न्यूट्रॉन येतो.’ आणि जागा उरली तर प्लॅटिनम-१९८ नि पारा-१९८ शेजारी शेजारी काढा, मध्ये सोनं-१९८ चा ठिपका तुटक रेषेने. त्या पालकांना तिथे उभं करा.