हृदयाची आकृती आणि अंकीतील मास्क: आकार नेमका केवढा ठेवावा

प्रश्न: «हृदयाच्या उभ्या छेदाच्या आकृतीवरून अंकी या उजळणीच्या कार्यक्रमात कार्डे केली. चार दिवसांत सगळी उत्तरे बरोबर येऊ लागली, पण कोऱ्या आकृतीला नावे देताना अडकलो. मास्क चुकीचे काढले का?»

मास्क, म्हणजे नावे झाकणाऱ्या पट्ट्या, जर प्रत्येक नावाच्या लांबीप्रमाणे काढले असतील, तर बहुधा तेच कारण आहे. ‘महाधमनी’वरची पट्टी आखूड आणि ‘फुप्फुस धमनी’वरची लांब राहिली, की दोनतीन उजळण्यांनंतर डोळा रेघ कुठे जाते हे पाहतच नाही, पट्टीची लांबी पाहूनच उत्तर देतो. कोऱ्या आकृतीवर ती पट्टी नसते, म्हणून तिथे अडायला होते.

यासाठी मी आधी आकृतीतले सर्वांत लांब नाव शोधतो. शालेय आकृतीत ते बहुतेक वेळा ‘ऊर्ध्वमहाशिरा’ किंवा ‘फुप्फुस धमनी’ असते. अंकीच्या 23.10 या आवृत्तीपासून Image Occlusion हा नोटचा प्रकार मूळ कार्यक्रमातच मिळतो. त्यात चित्र घेऊन त्या एका नावावर आयत काढायचा आणि मग Duplicate करून तोच आयत बाकीच्या प्रत्येक नावावर सरकवायचा. अशाने सगळे मास्क एकाच मापाचे होतात आणि लांबीवरून काही कळत नाही. उंची मात्र एका ओळीपुरतीच ठेवावी, पण मराठी नावांत वरची वेलांटी आणि खालचा उकार धरूनच ती मोजावी. ‘फुप्फुस’मधला पहिला उकार पट्टीखालून डोकावत राहिला, तर ते कार्ड वाया गेले असे समजा. मास्क तात्पुरते अर्धपारदर्शक करण्याचे बटण तिथेच आहे. ते दाबले की नाव पट्टीत पूर्ण बसले की नाही हे दिसते.

सर्वांना एकच रुंदी दिली की ‘महाधमनी’सारख्या आखूड नावावर पट्टी जास्तीची उरते. ती आकृतीच्या दिशेने जाऊ देऊ नये, कागदाच्या कडेकडे जाऊ द्यावी. नावापाशी संपणारी निर्देशक रेघ शेवटपर्यंत दिसलीच पाहिजे, कारण खरा प्रश्न ती रेघच विचारते. म्हणून फोटो कापताना दोन्ही बाजूंना थोडा समास ठेवावा, आणि खालच्या मथळ्यात भागांची नावे असतील तर तो मथळा तेव्हाच छाटून टाकावा. हे सगळे मास्क काढण्याआधी करावे. अंकी मास्कची जागा चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात साठवते, त्यामुळे नंतर चित्र कापून बदलले तर सगळ्या पट्ट्या नावांवरून सरकतात.

दुसरी गोष्ट पद्धतीची. Hide One, Guess One मध्ये विचारलेले एकच नाव झाकले जाते आणि बाकीची उघडी राहतात. ‘द्विदली झडप’ समोर दिसत असताना ‘त्रिदली झडप’ ओळखणे म्हणजे वजाबाकी झाली. हृदयासारख्या जोडीजोडीच्या आकृतीसाठी मी नेहमी Hide All, Guess One निवडतो. त्यात सगळ्या पट्ट्या राहतात, विचारलेली तेवढी लालसर आणि बाकीच्या पिवळसर दिसतात, आणि उत्तर पाहताना तेवढीच एक उघडते.

या पद्धतीत मात्र दोन पट्ट्या एकमेकींवर चढता कामा नयेत. माझ्या पहिल्या आकृतीत ‘उजवे अलिंद’ आणि त्याखालची ‘त्रिदली झडप’ यांच्या पट्ट्या जराशा एकमेकींवर आल्या होत्या. उत्तर उघडल्यावर ‘अलिंद’चा खालचा भाग शेजारच्या पट्टीखाली दबलेलाच राहत असे. उत्तर असे अर्धवट कापलेले दिसले, की ते झाकणारा शेजारचा मास्क उंचीने कमी करावा. पुसून नवा काढू नये. आहे तोच ओढून लहान केला तर त्या कार्डाची उजळणीची नोंद टिकते, नव्याने काढला तर कोरे कार्ड तयार होते. एकच नाव दोन ओळींत, दूर दूर छापलेले असेल, तर दोन मास्क काढून त्यांचा गट करावा, म्हणजे दोन्ही मिळून एकच कार्ड होते.

उत्तरासोबत दिसणाऱ्या Back Extra या रकान्यात एकच ओळ लिहावी. माझ्या सर्व हृदयाच्या कार्डांवर ती अशी आहे: ‘आकृतीत आपल्या डावीकडे दिसते ती हृदयाची उजवी बाजू.’ अलिंद-निलयांची सर्वाधिक गफलत इथेच होते. शिवाय डेकच्या पर्यायांत Bury new siblings आणि Bury review siblings चालू करावेत. नाहीतर एकाच आकृतीची आठ कार्डे एका बैठकीत येतात आणि एका उत्तरात उघडलेले नाव पुढच्या कार्डाला मदत करते.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. तेच चित्र पुन्हा पुन्हा पाहिल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी म्हणजे ऊर्ध्वमहाशिरा, हे नुसत्या जागेवरून पाठ होते. त्यावर मी दुसऱ्या पुस्तकातली हृदयाची आकृती घेतो, जिच्यात नावे वेगळ्या बाजूंना दिलेली असतात, आणि तिच्यावर फक्त चार मास्क काढतो: दोन झडपा, फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा. पहिल्या आकृतीवर पटकन येणारे नाव इथे अडले, तर त्या भागाची रेघ अजून नीट पाहिलेली नाही असे धरून मी Again दाबून ते कार्ड पुन्हा उजळणीला पाठवतो.