झाकलेला भागही निळा का झाला?

प्रश्न: नववीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दाखवायचा आहे. घरी करून पाहिला. मनी प्लँटच्या पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी चार तास उन्हात ठेवली, पान उकळलं, स्पिरिटमध्ये रंग काढला, आयोडिन टाकलं. झाकलेला भागही निळाच झाला, आणि पिवळे चट्टेसुद्धा थोडे निळसर दिसले. कुठे चुकलं?

उत्तर: रसायनांत काही चुकलेलं नाही. आयोडिनने बरोबर सांगितलं की पट्टीखाली स्टार्च आहे. फक्त तो आजचा नाही, शिळा आहे. पान उन्हात असताना स्टार्च साठवतं आणि अंधारात तो हळूहळू मोडून साखरेच्या रूपात बाकी झाडाकडे पाठवतं. तुमची पट्टी लागायच्या आधीच पानात साठा होता, आणि पट्टीखालच्या चार तासांच्या अंधारात तो संपला नाही. म्हणून आधी सगळं पान रिकामं करून घ्यायचं आणि मगच पट्टी लावायची.

मी ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आणि या प्रयोगात सर्वांत जास्त फसगत याच पायरीवर होते. पुस्तकात ‘कुंडी अंधारात ठेवा’ एवढं एक वाक्य असतं, ते घाईत गाळलं जातं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी कुंडीला पाणी घालून ती लोखंडी कपाटात ठेवायचो आणि सोमवारी सकाळी काढायचो. पण कपाटावर विश्वास ठेवू नका. दाराच्या फटीतून उजेड येतो, कधी कोणी खडू घ्यायला दार उघडतं आणि तसंच ठेवतं. म्हणून कुंडी बाहेर काढताच त्याच झाडाचं एक पान खुडून त्याची आयोडिन चाचणी करायची. ते नुसतं पिवळट-तपकिरी राहिलं तर झाड तयार आहे. निळं झालं तर कुंडी परत आत, प्रयोग पुढे ढकला. हे चाचणीचं पान मुलांसमोरच करा आणि फेकू नका. शेवटी तुलनेला तेच लागतं, कारण ‘आधी स्टार्च नव्हता’ याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

मग पट्टी. कागद खरोखर काळा आणि जाड हवा, पानाच्या दोन्ही बाजूंनी हवा, आणि पान झाडालाच असताना क्लिपने लावायचा. हुशार मूल इथे हमखास विचारतं, ‘सर, कागदाने हवाही अडली असेल, मग उजेडामुळेच झालं कशावरून?’ प्रश्न रास्त आहे. पर्णरंध्रं बहुतेक खालच्या बाजूला असतात आणि तीही आपण झाकलेली असतात. त्यावर सोपा उपाय असा, की शेजारच्या पानाला तशीच क्लिप लावून काळ्या कागदाच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी लावायची. ती पट्टी हवा तेवढीच अडवते, पण उजेड येऊ देते. तिच्याखालचा भाग निळा आला की शंका मिटते. साडेदहाला लावलेली पट्टी अडीच-साडेतीनला काढली तर उघड्या भागात पुरेसा स्टार्च होतो. पावसाळी ढगात चार तास पुरत नाहीत, तेव्हा कुंडी दिवसभर बाहेर ठेवा.

पानावर पुढे काय करायचं ते तुम्ही केलंच आहे, पण दोन-तीन बाबी सांगतो. उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं पुरे. त्याने पेशी मरतात, आतल्या क्रिया थांबतात आणि आयोडिनला आत शिरायला वाट होते. त्यानंतर गॅस किंवा बर्नर बंद करायचा, आणि स्पिरिटची परीक्षानळी त्याच गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. स्पिरिट 78 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून नुकतंच उकळलेलं पाणी पुरतं. ज्योत जवळ असताना स्पिरिट काढूच नका, त्याची वाफ पेट घेते. रंग निघालेलं पान पापडासारखं ठिसूळ होतं. ते कोमट पाण्यात बुडवलं की मऊ पडतं आणि पांढऱ्या टाइलवर पसरता येतं. मग ते थंड होऊ द्या. हे कुठे फारसं लिहिलेलं नसतं, पण गरम पानावर निळा रंग उमटत नाही. आयोडिन आणि स्टार्च यांची जोडी उष्णतेने सुटते आणि मुलं ‘स्टार्च नाही’ असं लिहून मोकळी होतात. आयोडिनही पातळ, फिक्या चहाच्या रंगाचं हवं. दाट टाकलं तर सगळं पान काळपट होतं आणि फरक दिसत नाही. दोन मिनिटांनी पान धुऊन खिडकीच्या उजेडात धरून बघा.

आता पिवळे चट्टे. इथे दोष तुमचा नाही, पानाचा आहे. मनी प्लँटच्या पिवळट भागात थोडं हरितद्रव्य असतंच, त्यामुळे तिथे थोडा स्टार्च होतो आणि शिळा स्टार्चही तिथे असू शकतो. चट्टे दुधासारखे पांढरे असलेलं पान निवडा. क्रोटन मला आवडत नाही. पान जाड, मेणचट, रंग निघायला फार वेळ, आणि लाल रंगामुळे मुलांचा गोंधळ. कोलियसचा जांभळा रंग मात्र उकळत्या पाण्यातच उतरतो, त्यामुळे ते चालतं. जास्वंद चिकट होते. कांदा किंवा लसणाची पात तर घेऊच नका, ती स्टार्च नाही, साखर साठवते. कितीही ऊन दिलं तरी निळी होणार नाही.

चट्ट्यांच्या पानाचं चित्र उकळण्याआधी काढून घ्या. रंग निघाल्यावर हिरवं कुठलं आणि पांढरं कुठलं ते ओळखता येत नाही. माझ्या एका बॅचने ते विसरून शेवटी निळे डाग बघून ‘हिरवा भाग’ रंगवला होता. निष्कर्ष आपोआप बरोबर निघाला, अर्थात. पान वहीच्या कागदावर ठेवून पेन्सिलने कडा आणि चट्टे गिरवायचे, दोन मिनिटांचं काम आहे.

निष्कर्षाचं वाक्य मुलांकडून असं लिहून घ्या: ‘ज्या भागावर प्रकाश पडला आणि ज्यात हरितद्रव्य होतं, तिथेच स्टार्च आढळला.’ ‘पांढरा भाग स्टार्च बनवू शकत नाही’ असं मात्र लिहू देऊ नका, कारण ते खरं नाही. रिकाम्या केलेल्या पानाच्या गोल चकत्या साखरेच्या पाण्यावर तरंगत ठेवून दोन-तीन दिवस अंधारात ठेवल्या, तर त्यांच्यात अंधारातही स्टार्च तयार होतो, आणि पांढऱ्या भागाच्या चकत्यांतही होतो. उजेड आणि हरितद्रव्य लागतं ते साखर बनवायला. साखर बाहेरून मिळाली की तिचा स्टार्च पांढऱ्या पेशीही करतात. वर्गात वेळ असेल तर या चकत्या शुक्रवारीच कपाटात ठेवून द्या, कुंडीशेजारी. फक्त त्यासाठी आधी आणखी एका झाडाचं पान रिकामं करून ठेवावं लागेल.