डावा डोळा

प्रश्न: बाबांच्या साठीला गिफ्ट द्यायचंय. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर बसतात त्या चित्रकारांकडून पोर्ट्रेट काढून घेऊ, की मोबाईलवर कार्टून करून त्याची प्रिंट फ्रेम करू? एवढा काय फरक पडतो?

उत्तर:

मी त्याच फुटपाथवर २५ वर्षं बसतोय, तेव्हा माझं उत्तर काय असणार ते तुम्हाला कळलंच असेल. बाबांना समोर आणून बसवता येत असेल तर पोर्ट्रेट काढून घ्या. नुसता सेल्फी दाखवून काढून घेणार असाल तर कार्टूनच करा, पैसे वाचतील. पण "एवढा काय फरक पडतो" हे वाचून मला एक गिऱ्हाईक आठवलं, ते सांगतो.

२०२५ च्या मार्चअखेरीस ते मोबाईलवर फोटोचं घिबली कार्टून करायचं खूळ आलं ना, त्याच्या पुढच्याच महिन्यातला रविवार. तोवर आमच्याकडे लोक थांबायचे, बघायचे, एखादा बसायचा. त्या दिवसांत थांबायचे आणि मोबाईल पुढे करायचे, काका हे बघा, दहा सेकंदांत झालं. चार वाजेपर्यंत माझी बोहनी नव्हती. तेवढ्यात एक मुलगी वडलांना घेऊन आली. वडील एसटीतून रिटायर्ड ड्रायव्हर, सोलापूरकडचे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आलेली. चारकोलमध्ये ३०० सांगितले, ती २५० म्हणाली, मी बसा म्हटलं.

आता माणूस समोर बसला की पहिली पाच-सात मिनिटं तो फोटोला बसल्यासारखा बसतो, तेवढ्यात डोक्याची उंची, डोळ्यांची रेघ, नाकाचा शेंडा कुठे येतो एवढंच मी मांडून घेतो. मग चेहरा सैल पडतो. तोंड मी कायम शेवटी काढतो, गप्पा मारत मारत, नाहीतर ओठ दगडासारखे येतात. यांना मी कुठला रूट होता विचारलं, तर ते अक्कलकोट रूटवरचा एक किस्सा सांगायला लागले आणि मिशीखालचं हसू मला मिळालं. वीस मिनिटांत चित्र झालं, मागे दहा-बारा बघे जमलेले. मी खूश होतो.

मुलीने कागद हातात घेतला, मग मोबाईल काढून त्याच्या शेजारी धरला. तिने सकाळीच वडलांचं कार्टून करून ठेवलं होतं. म्हणाली, "काका, सेमच तर आहे. मग २५० कशाचे?"

मला राग आला. पण बघितलं तर खरंच सेम. मोबाईलने त्यांचा डावा डोळा उजव्यासारखा उघडा गोल केलेला, आणि मीपण. मला तिने सांगितलंसुद्धा नव्हतं. हात आपोआप गेला. फुटपाथवरचं शिक्षणच तसं आहे, डबल चिन असली तर हनुवटीखालची सावली हलकी ठेवायची, सावळ्या माणसाला दोन शेड उजळ काढायचा, टक्कल असलं तर कपाळावर चार केस जास्त. गिऱ्हाईक हसत जातं आणि दुसरं घेऊन येतं.

इथे मला माझा एक वर्गमित्र आठवतो. तो एटीडी करून ड्रॉइंग टीचर झाला, मी रस्त्यावर आलो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत तो एकदा माझ्या शेजारी तासभर बसून होता आणि चहा पिताना म्हणाला, तू पोर्ट्रेट काढत नाहीस, गिऱ्हाईकाला पावडर लावतोस. मी म्हटलं तुला शाळा पगार देते, मला गिऱ्हाईक देतं. त्यावरून आमचं जे वाजलं ते आजतागायत. आणि इतक्या वर्षांनी एक पोरगी मोबाईल धरून तेच सांगत होती.

मी कागद परत मागून घेतला. एक गोष्ट मघापासून खटकत होतीच, चित्रातले काका दचकल्यासारखे का दिसतायत. परत नीट बघितलं तेव्हा कळलं. पापणी पडलेली असली की माणूस त्या बाजूची भुवई नकळत वर ओढून धरतो, कपाळावर त्याच बाजूला आठ्या जास्त पडतात. मी भुवई बघून वर काढली होती, आठ्यापण काढल्या होत्या, आणि डोळा मात्र पदरचा उघडा घातला होता. उघड्या डोळ्यावर वर गेलेली भुवई म्हणजे आश्चर्यच. पुट्टी रबर मळून टोकदार केला, वरच्या पापणीची रेघ उचलली, बुबुळाच्या मध्यापर्यंत खाली आणली, खालची पापणी तशीच ठेवली. दोन मिनिटांचं काम, पण त्यानंतर तो माणूस कागदावर आला.

मुलीला नाही आवडलं. "पहिलंच छान होतं." काकांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, मिशी बरी आलीय. दोनशे दिले, मी घेतले. पुढची गंमत म्हणजे जायच्या आधी तिने तिथेच उभं राहून माझ्या चित्राचा फोटो काढला आणि त्याचं कार्टून केलं. डोळा परत उघडा!

तर त्या मास्तराला आता माझं उत्तर. पावडर लावतो हे कबूल. पण पावडर कुठे चालते आणि कुठे नाही हे कळणं हाच धंदा आहे. हनुवटी हलकी केली तरी माणूस ओळखू येतो, पण भुवई ते पापणी, नाक ते ओठ ही अंतरं हलवली की तो दुसराच कोणीतरी होतो. मोबाईल नेमकी तीच हलवतो, डोळे मोठे, नाक बारीक, वर मोजकेच चेहरे सगळ्यांना वाटून टाकतो. आणि सेल्फीत तर आधीच घोळ असतो, हातभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे जातात. मी समोर चार-पाच फुटांवर बसतो, आपण एकमेकांना साधारण तेवढ्याच अंतरावरून ओळखतो.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. बाबांना रविवारी आणू नका, गर्दीत म्हातारी माणसं लाजतात, मधल्या वारी ऊन उतरल्यावर या. चित्रकाराला आधीच सांगा, काही सुधारू नका, आहे तसं काढा. बाबा यायला तयार नसतील तर पाच-सहा फुटांवरून थोडा झूम करून फोटो काढा, खिडकीचा उजेड एका गालावर येईल असं बसवून, फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद. फोटोवरून काढलेलं थोडं चपटं येतंच, ते धरून चाला. आणि हो, आमच्यातले दोघं-तिघं हल्ली हाताने कार्टूनही काढून देतात, चांगली काढतात, मघाशी मी तावातावात जे बोललो ते त्यांना लागू नाही. लहान पोरांचं असेल तर मीपण कार्टूनच घ्या म्हणेन, पोरं वीस मिनिटं बसत नाहीत.

चारकोलचं घेतलंत तर वर फिक्सेटिव्ह मारून घ्या आणि बटर पेपर लावून सपाट न्या. त्या मुलीने गुंडाळी करून रबरबँड लावला होता. सोलापूरला पोचेपर्यंत मिशी गालावर आली असणार.