टॅगवर 20 ग्रॅम, बिलात 21.200 : घट कुणी भरायची?

प्रश्न : मी डिचोलीला राहते. मुलीच्या लग्नासाठी म्हापशातल्या एका पेढीतून 22 कॅरेटच्या दोन पाटल्या घेतल्या. ‘घडणावळ फक्त 8 टक्के’ असं सांगितलं होतं. टॅगवर वजन 20.000 ग्रॅम आहे, बिलात मात्र 21.200. विचारल्यावर ‘6 टक्के घट धरलीय, सगळीकडे धरतात’ असं उत्तर मिळालं. बिल 2,35,828.80 रुपयांचं आहे. वीस दिवस झाले. पैसे परत मिळतील का?

उत्तर : मिळण्यासारखे आहेत, कारण तुमच्या हातातलं बिलच तुमच्या बाजूनं बोलतं.

आधी हिशेब पाहू. तुमच्या आकड्यांवरून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरलेला दिसतो. सांगितलेल्या अटीप्रमाणे 20 ग्रॅमचे 2,00,000, त्यावर 8 टक्के घडणावळ 16,000 आणि एकूण 2,16,000 वर 3 टक्के जीएसटी 6,480, म्हणजे 2,22,480 रुपये व्हायला हवे होते. पेढीनं आधी वजनच 21.200 केलं. मग सोन्याचे झाले 2,12,000, घडणावळ त्या फुगलेल्या रकमेवर 16,960 आणि जीएसटीही त्या सगळ्यावर. फरक 13,348 रुपये 80 पैशांचा. घटीचे 12,000 तर गेलेच, शिवाय त्या घटीवर घडणावळ आणि कर असे दोन्ही तुम्ही भरले. 20 ग्रॅमवर बघितलं तर तुमची घडणावळ 8 नव्हे, 14.48 टक्के पडली. (हॉलमार्कचं शुल्क यात धरलेलं नाही. ते दर नगाला 45 रुपये आणि त्यावर कर इतकं असतं.)

आता कायद्याची बाजू. घडणावळ किती घ्यावी किंवा घट किती धरावी यावर कायद्यानं कमाल मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे ‘घट बेकायदा आहे’ असं भांडू नका, तिथं तुम्ही हराल. हातानं केलेल्या नक्षीकामात कीस पडतो हे खरंच आहे, पण त्यातला बराचसा कीस पेढीकडे किंवा कारागिराकडेच राहतो आणि गाळून पुन्हा वापरला जातो. तुमचा मुद्दा वेगळा आहे. जे सोनं तुमच्या हातात आलंच नाही, ते बिलात वजन म्हणून लिहिलं गेलं आणि घट आधी सांगितली नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मालाचं प्रमाण, शुद्धता आणि किंमत कळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं दाखवावं लागतं. बिलात ‘वजन 20.000, घट 1.200’ असं स्वतंत्र लिहिलेलं असतं आणि ते पाहून तुम्ही पैसे दिले असते, तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं.

पाटल्यांचे टॅग काढू नका, पाटल्या पॉलिशला देऊ नका. टॅग आणि बिल शेजारी ठेवून फोटो काढा. मग दुसऱ्या पेढीत, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावर वजन करून ते लिहून घ्या. दोन्ही पाटल्यांवर प्रत्येकी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असेल. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून शुद्धता 22K916 आणि पेढीचं नाव जुळतं का बघा. हॉलमार्क शुद्धतेची साक्ष देतो, घडणावळीची नाही. म्हणून ‘आमचा माल हॉलमार्कचा आहे’ हे तुमच्या तक्रारीला उत्तर होत नाही.

त्यानंतर पेढीला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. त्यात वरचं गणित जसंच्या तसं मांडा आणि 15 दिवसांत 13,348.80 रुपये परत मागा. पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द लिहू नका, आकडे पुरेसे आहेत. दाद लागली नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. वजनाबद्दल वैधमापन कार्यालयातही अर्ज द्या. शेवटी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

‘8 टक्के’ असं तोंडीच सांगितलं असेल तर तुमची बाजू तेवढ्यापुरती कच्ची आहे. व्हॉट्सॲपवर आलेला भाव, कच्ची चिठ्ठी, सोबत असलेल्या माणसाची साक्ष, यातलं काय हाताशी आहे ते आत्ताच शोधा. मुलीचा बाकी दागिना अजून घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधी काट्यावर दिसणारं वजन आणि बिलातलं निव्वळ वजन एकच आहे ना, एवढं बघा. खडे असतील तर त्यांचं वजन आधी वजा करायला लावा, नाहीतर खड्यांचेही सोन्याच्या भावानं पैसे जातील. मग घट आणि घडणावळ मिळून ग्रॅममागे किती रुपये, हा एकच आकडा कागदावर मागा.