कनिष्ठ वस्तू आणि गिफेन वस्तू

प्रश्न : 'कनिष्ठ वस्तू' आणि 'गिफेन वस्तू' हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतील का? आणि किंमत वाढली की खरेदीही वाढते, असे नेमके केव्हा होते?

चालणार नाहीत. प्रत्येक गिफेन वस्तू कनिष्ठ असते, पण कनिष्ठ वस्तूंपैकी फारच थोड्या गिफेन ठरतात. उत्पन्न वाढल्यावर जिची खरेदी कमी होते ती कनिष्ठ वस्तू. या व्याख्येत किंमतवाढीचा उल्लेखच नाही. किंमत वाढल्यावर जिची खरेदीही वाढते ती गिफेन वस्तू. बहुतेक कनिष्ठ वस्तू महागल्या की कमीच विकल्या जातात आणि मागणीचा नियम अबाधित राहतो.

याचे कारण असे, की किंमत वाढली की दोन गोष्टी एकदम घडतात. ती वस्तू इतरांच्या तुलनेत महाग झाल्यामुळे ग्राहक पर्यायाकडे वळतो. हा पर्यायता परिणाम खरेदी कमीच करतो. त्याच वेळी हातातल्या पैशांत पूर्वीइतके येत नसल्यामुळे ग्राहक प्रत्यक्षात गरीब होतो, आणि वस्तू कनिष्ठ असेल तर हा उत्पन्न परिणाम तिची खरेदी वाढवू पाहतो. दुसरा परिणाम पहिल्यावर मात करील तेव्हाच नियम मोडतो. त्यासाठी त्या वस्तूवर एकूण खर्चाचा मोठा वाटा जात असला पाहिजे आणि तिची जागा घेणारे तितकेच स्वस्त दुसरे काही मिळता कामा नये. किरकोळ खर्चाची वस्तू कितीही कनिष्ठ असली तरी तिच्या महागण्याने कोणी गरीब होत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. एका कुटुंबाला पोट भरण्यासाठी 30 वाटे अन्न लागते आणि त्याच्याकडे 120 एकक पैसे आहेत. साध्या धान्याचा वाटा 2 एककांना, तर चवीच्या महाग अन्नाचा वाटा 6 एककांना मिळतो आणि दोन्ही सारखीच भूक भागवतात. आधी पोट भरायचे आणि मग जमेल तितके चवीचे खायचे, असे ठरवणारे हे कुटुंब दोन्हींचे 15-15 वाटे घेईल : 30 अधिक 90, एकूण 120. आता धान्याचा भाव 3 झाला. जुनीच खरेदी कायम ठेवायची तर 135 एकक लागतील, म्हणजे 15 कमी पडतात. धान्य कमी घेतले तर उपाशी राहावे लागेल. म्हणून काटछाट महाग अन्नातच करावी लागते. एक महाग वाटा सोडून त्या जागी धान्याचा वाटा घेतला की 3 एकक वाचतात. असे पाच वाटे बदलले की हिशेब जुळतो. धान्य 20 वाटे, महाग अन्न 10 वाटे. भाव वाढला आणि धान्याची खरेदी 15 वरून 20 वर गेली. याच कुटुंबाला कोणी तुटीचे 15 एकक भरून दिले असते, तर त्याने पुन्हा 15-15 वाटेच घेतले असते. म्हणजे येथे पर्यायता परिणाम शून्य आहे आणि सगळी वाढ गरीब होण्यातून आलेली आहे.

या वागण्याला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. भाव 4 झाला की 120 एककांत फक्त धान्याचे 30 वाटे येतात. 5 झाला की 24 च परवडतात आणि मागणीचा नियम परत लागू होतो. सुरुवातीलाच 60 एकक असलेले कुटुंब केवळ धान्य खात असल्यामुळे त्याच्यापाशी सोडण्याजोगे काही नसते, तर 180 एककवाले धान्य घेतच नाही. म्हणून कोणतीही वस्तू स्वभावतः गिफेन नसते. ठराविक उत्पन्नाच्या लोकांसाठी, ठराविक भावांच्या पट्ट्यात ती तशी वागते, आणि शब्द वापरताना ही अट सोबत असावी असे मला आग्रहाने वाटते. प्रतिष्ठेसाठी घेतलेल्या उंची वस्तूंना हे नाव देणे तर सरळ चूक आहे, कारण त्या कनिष्ठच नसतात.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट गिफेन यांचे नाव या कल्पनेला मिळाले ते अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1895 मध्ये गरिबांच्या पावाचे उदाहरण त्यांच्या नावे नोंदवल्यामुळे. आयर्लंडमधील दुष्काळातल्या बटाट्याचे उदाहरण मात्र टिकत नाही : रोगाने पीकच बुडाले होते, तेव्हा सगळा देश मिळून पूर्वीपेक्षा जास्त बटाटे खाणे शक्यच नव्हते. बाजारात भाव आणि विक्री दोन्ही वाढलेली दिसली, एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण मागणीच वाढल्यामुळे भाव चढलेला असू शकतो. त्यामुळे भाव बाहेरून बदलून पाहावा लागतो. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी चीनमध्ये तेच केले आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी गरीब कुटुंबांना मुख्य धान्यावर सवलतीची कुपने दिली. हुनान प्रांतात तांदूळ स्वस्त झाल्यावर त्याचा वापर घटला. कान्सू प्रांतात गव्हाबाबतचा पुरावा तितका भक्कम निघाला नाही. हुनानमध्येही अगदी विपन्न कुटुंबांत हे वागणे आढळले नाही. ते दिसले गरीब असूनही ताटात धान्याखेरीज थोडे आणखी काही असणाऱ्यांत.